पीपीटीतील चित्रात शिरलेली चूक

स्लाइडवरचा मजकूर दोन प्रकारचा असतो. काही मजकूर स्लाइडवरच टाइप केलेला असतो. त्यावर क्लिक केले की कर्सर लुकलुकतो आणि चूक जागच्या जागी सुधारता येते. दुसरा मजकूर चित्राचाच भाग झालेला असतो. आकृतीवरची नावे, नकाशावरची गावे, स्कॅन केलेल्या तक्त्यातले आकडे या प्रकारात येतात. या मजकुरावर क्लिक केले तर कर्सर येत नाही, चित्राभोवती चौकट उमटते आणि वरच्या पट्टीत Picture Format हा विभाग दिसू लागतो. संगणकाच्या लेखी ती अक्षरे नसतात, रंगीत ठिपके असतात. त्यामुळे तिथले एक अक्षर बदलायचे तरी चित्र फाइलीतून बाहेर काढावे लागते, ठिपक्यांच्या पातळीवर दुरुस्त करावे लागते आणि पुन्हा आत बसवावे लागते. या तीन कामांपैकी कुठेही हयगय झाली की चूक सुधारते, पण चित्र धूसर होते किंवा चौकटीत वेडेवाकडे बसते.

उदाहरण म्हणून शाळेतल्या विज्ञानाच्या तासासाठी केलेली एक पीपीटी घेता येईल. तिचे नाव jalchakra.pptx. तिच्यातील एका स्लाइडवर जलचक्राची आकृती आहे आणि तीवर ‘बाष्पीभवन’ऐवजी ‘बाश्पीभवन’ असे छापले गेले आहे. ‘संघनन’, ‘पर्जन्य’ ही शेजारची नावे बिनचूक आहेत. आकृती मुळात कोणी आणि कशात काढली याचा पत्ता नाही, म्हणून मूळ ठिकाणी दुरुस्ती करून नवे चित्र घेण्याचा मार्ग बंद आहे. तो मार्ग खुला असेल तर आधी तोच धरावा.

सगळ्यात आधी रिझोल्यूशन म्हणजे नेमके काय सांभाळायचे हे स्पष्ट हवे. चित्राला स्वतःची पिक्सेलसंख्या असते. या आकृतीची ती आडवी १६०० आणि उभी ९०० आहे. स्लाइडवर चित्राला दिलेली जागा ही वेगळी गोष्ट आहे आणि ती इंचांत किंवा सेंटिमीटरमध्ये मोजतात. येथे ती ८ इंच रुंद आणि ४.५ इंच उंच आहे. १६०० ला ८ ने भागले की इंचामागे २०० पिक्सेल येतात. स्लाइडवरचे खरे रिझोल्यूशन ते हेच. चित्राच्या फाइलीत ७२, ९६ किंवा ३०० असा डीपीआयचा आकडाही लिहिलेला असतो आणि पुष्कळ जण त्यालाच रिझोल्यूशन समजतात. नवे चित्र पहिल्यांदा स्लाइडवर टाकताना ते किती मोठे दिसावे हे त्या आकड्यावरून ठरते. आधीच चौकटीत बसलेल्या चित्राच्या स्पष्टपणाशी मात्र त्याचा संबंध नसतो. म्हणून सांभाळायच्या गोष्टी दोनच आहेत: पिक्सेलसंख्या आणि स्लाइडवरची जागा.

यात हयगय झाली तर काय होते हे हिशोबाने दाखवता येते. नेहमीची रुंद स्लाइड १३.३३ इंचांची असते. ती १९२० पिक्सेल रुंदीच्या प्रोजेक्टरवर दाखवली की इंचामागे १४४ पिक्सेल पडतात, म्हणजे ८ इंचांची आकृती पडद्यावर ११५२ पिक्सेल व्यापते. मूळ १६०० पिक्सेलचे चित्र तेवढ्या जागेत आकसून बसते आणि रेखीव दिसते. पण बाहेर काढताना ते इंचामागे ९६ पिक्सेलच्या हिशोबाने निघाले, तर हाती ७६८ पिक्सेल येतात. मग पडद्यावर ते दीडपट ताणले जाते. रंगांचे ढग आणि डोंगर तो ताण सहन करतात, पण अक्षरांच्या कडा लगेच विरघळतात. वर्गातल्या शेवटच्या बाकावरून ‘ष’ आणि ‘प’ यांतला फरक कळेनासा होतो.

चित्र बाहेर काढण्याचे जे मार्ग सहज सुचतात, त्यांत नेमका हाच धोका आहे. स्क्रीनशॉटमध्ये संपादनाच्या खिडकीत लहान होऊन दिसणारी स्लाइड टिपली जाते, म्हणजे मूळ पिक्सेल मिळतच नाहीत. चित्रावर उजवे क्लिक करून Save as Picture निवडणे त्याहून बरे, पण त्यातही चित्र स्लाइडवर जसे दिसते तसे जतन होण्याचा संभव असतो. कातरलेला भाग गळतो, दिलेली सावली किंवा चौकट चित्रालाच चिकटते आणि आवृत्तीनुसार पिक्सेलसंख्याही बदलू शकते. खात्रीचा मार्ग फाइलीच्या पोटात शिरून मूळ चित्र उचलण्याचा आहे.

हे शक्य होते याचे कारण .pptx या फाइलीच्या रचनेत आहे. ऑफिस २००७ पासून वापरात आलेला हा प्रकार वस्तुतः एक झिप फाइल आहे. पुष्कळ लहान फाइली एका गाठोड्यात बांधाव्यात तशा स्लाइडचे वर्णन, रंगसंगती, चित्रे, ध्वनी यांच्या स्वतंत्र फाइली त्यात असतात. त्याआधीच्या .ppt प्रकारात असे नाही. तशी फाइल असेल तर आधी पॉवरपॉइंटमध्ये उघडून .pptx म्हणून जतन करावी लागते. गूगल स्लाइड्समधील सादरीकरणही .pptx म्हणून उतरवून घेता येते. लिबरऑफिसच्या .odp फाइलीही झिपच असतात. त्यांतली चित्रे Pictures नावाच्या फोल्डरात सापडतात.

कामाला हात घालण्यापूर्वी फाइलीची एक प्रत करून ती बाजूला ठेवावी. विंडोजमध्ये दुसऱ्या प्रतीच्या नावातील .pptx काढून .zip लिहावे. नावाचा हा शेवटचा भाग दिसत नसेल तर फाइल एक्सप्लोररच्या View मधून File name extensions सुरू करावे लागते. झिप उघडली की ppt या फोल्डरात media फोल्डर दिसते आणि तिथे image1.png, image2.jpeg अशा नावांनी सगळी चित्रे असतात. मॅक किंवा लिनक्सवर टर्मिनलमधून एकच चित्र बाहेर काढता येते:

```
unzip jalchakra.pptx ppt/media/image4.png
```

चित्रे पाहून हवे ते ओळखता येते. पण एकसारख्या दिसणाऱ्या आकृत्या अनेक असतील तर नुसत्या नजरेवर भिस्त ठेवू नये. कोणत्या स्लाइडवर कोणते चित्र आहे याची नोंद ppt/slides/_rels या फोल्डरात असते. पाचव्या स्लाइडची नोंद बहुधा slide5.xml.rels मध्ये मिळते. बहुधा एवढ्यासाठीच म्हणायचे की स्लाइडी मागेपुढे केल्या तरी फाइलींचे क्रमांक जुनेच राहू शकतात. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली की अशी ओळ सापडते:

```xml
<Relationship Id="rId3"
 Type="http://schemas.openxmlformats.org/officeDocument/2006/relationships/image"
 Target="../media/image4.png"/>
```

अर्थ सरळ आहे: या स्लाइडवर rId3 या खुणेने जे चित्र येते ते media मधील image4.png. येथेच आणखी एक गोष्ट तपासावी. एकच चित्र अनेक स्लाइडींवर असेल तर पॉवरपॉइंट सहसा त्याची एकच फाइल ठेवते आणि सगळ्या स्लाइडी तिच्याकडे बोट दाखवतात. ती बदलली की सगळीकडचे चित्र बदलते. जलचक्राची आकृती सारांशाच्या स्लाइडवरही असेल तर हे सोयीचेच आहे. पण जुनी आणि नवी आकृती मुद्दाम शेजारी दाखवायची असेल तर दोन्ही ठिकाणी नवीच दिसेल.

चित्र बाहेर आल्यावर त्याची पिक्सेलसंख्या लिहून ठेवावी. विंडोजमध्ये ती Properties मधील Details खाली दिसते. या आकृतीसाठी तिथे 1600 x 900 असे दिसायला हवे. तो आकडा स्लाइडवर दिसणाऱ्या भागापेक्षा मोठ्या चित्राचा निघाला, तर चित्र स्लाइडवर कातरलेले आहे असे समजावे. पॉवरपॉइंट कातरलेला भाग लगेच टाकून देत नाही. कोणत्या बाजूने किती टक्के झाकायचे एवढेच लिहून ठेवते. म्हणून दुरुस्ती पूर्ण चित्रावर करावी आणि ते आपण होऊन कातरू नये. कातरलेले चित्र आत घातले तर तेच टक्के त्याला पुन्हा लागू होतात आणि आकृतीच्या कडा दुसऱ्यांदा कापल्या जातात.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. गिंप हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरेसे आहे. त्यात image4.png उघडून आधी Image मधील Mode पाहावा. तिथे Indexed असेल तर चित्रात मोजकेच रंग ठरवून दिलेले असतात आणि नव्या अक्षरांच्या कडा त्यांतल्याच जवळच्या रंगांनी भरल्या जातात, त्यामुळे त्या दातेरी दिसतात. अशा वेळी आधी RGB निवडावे.

जुने अक्षर झाकणे हे पार्श्वभूमीवर अवलंबून आहे. ‘बाश्पीभवन’मागे सपाट फिकट निळे आकाश असेल तर रंग टिपण्याच्या साधनाने शेजारचा निळा घ्यावा, शब्दाभोवती चौकोन निवडावा आणि त्या रंगाने भरावा. चौकोन अक्षरांच्या दिसणाऱ्या कडेपेक्षा दोनतीन पिक्सेल बाहेर असावा, कारण अक्षराची कडा एकदम संपत नाही, काळा रंग निळ्यात हळूहळू मिसळत जातो. तो मिसळलेला पट्टा राहिला तर नव्या शब्दाभोवती जुन्याची मळकट सावली दिसते. आकाश वरून खाली फिकट होत जाणारे असेल तर एका रंगाने भरणे चालत नाही, ठिगळ उठून दिसते. तेव्हा शब्दाच्या शेजारचा, त्याच उंचीचा रिकामा पट्टा उचलून शब्दावर ठेवावा. रंग उभ्या दिशेने बदलतो, आडव्या नाही, म्हणून तो पट्टा बेमालूम बसतो. मागे डोंगराचे किंवा झाडांचे छायाचित्र असेल तर क्लोन साधनाने थोडे थोडे झाकत जावे लागते आणि तिथे सर्वांत जास्त वेळ जातो.

मग नवा शब्द लिहायचा. त्याचा फॉन्ट आणि आकार शेजारच्या नावांशी जुळला पाहिजे, नाहीतर दुरुस्ती लगेच ओळखू येते. आकाराचा अंदाज रिझोल्यूशनवरूनच निघतो. स्लाइडवर ही नावे साधारण १४ पॉइंटांच्या मजकुराएवढी दिसतात. ७२ पॉइंटांचा एक इंच होतो आणि या चित्रात इंचामागे २०० पिक्सेल आहेत, म्हणून १४ ला ७२ ने भागून २०० ने गुणले की सुमारे ३९ पिक्सेल येतात. गिंपच्या मजकूर साधनात आकार पिक्सेलमध्येच देता येतो. हा आकडा सुरुवातीपुरता धरावा. खरी जुळणी शेजारच्या बिनचूक शब्दावर करून पाहावी: ‘संघनन’ हाच शब्द त्याच रंगात नव्या थरावर टाइप करावा, थर अर्धपारदर्शक करावा आणि चित्रातल्या ‘संघनन’वर नेऊन ठेवावा. शिरोरेषा शिरोरेषेवर बसली, ‘घ’ची गाठ गाठीवर आली आणि शब्दाची लांबी सारखी भरली, की फॉन्ट आणि आकार दोन्ही सापडले. मंगल, निर्मला, मुक्त, नोटो हे देवनागरी फॉन्ट आधी लावून पाहावेत. रोजच्या वापरातल्या पुष्कळ स्लाइडींमध्ये यांपैकीच एखादा निघतो. हुबेहूब फॉन्ट मिळालाच नाही तर एका शब्दाऐवजी आकृतीवरची सगळी नावे नव्या फॉन्टमध्ये लिहिणे चांगले. पाच नावांत एकच वेगळे दिसण्यापेक्षा पाचही सारखी असलेली बरी.

देवनागरीत एक जादा काळजी घ्यावी लागते. ‘बाष्पीभवन’मध्ये ‘ष्प’ हे जोडाक्षर आहे आणि ते नीट जुळायचे तर सॉफ्टवेअरला देवनागरीची जोडणी यावी लागते. गिंपमध्ये ती आपोआप होते. फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांसाठीची मजकूर-मांडणी सेटिंगमधून निवडलेली नसेल तर ‘ष’ पायमोडका राहतो आणि ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराच्या पुढे न येता मागे पडते. शब्द लिहिल्यावर तो एकदा मोठा करून वाचावा. चूक सुधारायला बसून दुसरी चूक छापली जाण्याची शक्यता येथेच सर्वांत अधिक असते.

जतन करताना प्रकार आणि नाव दोन्ही तेच ठेवावे लागतात. गिंपच्या File मध्ये Overwrite image4.png असा पर्याय असतो, तो वापरला की दोन्ही सांभाळले जातात. शिवाय थर वेगळे राहिलेली .xcf प्रतही ठेवावी, म्हणजे उद्या दुसरे नाव बदलायचे झाल्यास झाकलेले पुन्हा झाकावे लागत नाही. पीएनजी कितीही वेळा जतन केली तरी पिक्सेल बदलत नाहीत. जेपेगचे तसे नाही. त्यात चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून बारीक तपशील गाळला जातो आणि रंगाची माहिती बहुधा आणखी विरळ केली जाते. म्हणून जेपेगमध्ये अक्षरांभोवती मळ साचल्यासारखा दिसतो आणि निळ्यावरची लाल अक्षरे विशेष खराब होतात. प्रत्येक वेळी जतन करताना हे गाळणे नव्याने होते. चित्र जेपेगच असेल तर सगळी दुरुस्ती एका बैठकीत करून एकदाच जतन करावे आणि निर्यात करताना मूळ चित्राच्याच गुणवत्तेचा पर्याय निवडावा. जेपेगच्या जागी पीएनजी ठेवायची इच्छा होते, पण नुसते नाव बदलून ते होत नाही. rels मधील नोंद आणि [Content_Types].xml ही फाइल, दोन्हींत नवा प्रकार नोंदलेला असावा लागतो.

बसवण्यापूर्वी एक तपासणी करावी आणि ती डोळ्यांपेक्षा विश्वासार्ह आहे. गिंपमध्ये मूळ चित्र उघडावे, Open as Layers ने दुरुस्त चित्र त्यावर घ्यावे आणि वरच्या थराचा मोड Difference करावा. दोन्ही चित्रांत जिथे पिक्सेल सारखे, तिथे शुद्ध काळे दिसते. पीएनजीच्या बाबतीत पूर्ण पडदा काळा आणि फक्त ‘बाष्पीभवन’च्या जागी उजळ डाग दिसला पाहिजे. सगळ्या कडा पांढुरक्या रेषांनी उमटल्या तर चित्र एखादा पिक्सेल सरकले आहे किंवा कुठेतरी लहानमोठे केले गेले आहे. जेपेगमध्ये सगळीकडे अगदी मंद कणकण दिसते, ती नव्याने जतन केल्याची खूण आहे आणि तेवढी चालते.

चित्र परत आत घालणे सोपे आहे. विंडोजमध्ये झिप उघडून media फोल्डरात दुरुस्त फाइल टाकावी, जुनीच्या जागी ठेवण्यास होकार द्यावा, झिप बंद करावी आणि नाव पुन्हा .pptx करावे. मॅक किंवा लिनक्सवर, ज्या फोल्डरात ppt/media/image4.png बाहेर काढली तिथूनच:

```
zip jalchakra.pptx ppt/media/image4.png
```

सगळे गाठोडे सोडून फोल्डर पुन्हा झिप करण्याच्या भानगडीत पडू नये. तसे केले की सगळ्या फाइली एका जादा फोल्डरात जातात, [Content_Types].xml वरच्या पातळीवर सापडत नाही आणि पॉवरपॉइंट फाइल बिघडल्याचे सांगून दुरुस्तीची परवानगी मागते. पीपीटीला हात न लावता फक्त आतले चित्र बदलले म्हणजे स्लाइडवरची जागा, कातरणे, सावली आणि चित्राला दिलेली हालचाल यांतले काहीच विस्कटत नाही, कारण ते सगळे वेगळ्या फाइलीत लिहिलेले आहे. जागा तिथे इंचाच्या ९,१४,४०० व्या भागात मोजलेली असते. ८ इंचांची रुंदी 7315200 अशी दिसते.

ज्यांना फाइलीच्या पोटात शिरायचे नाही त्यांना पॉवरपॉइंटमध्ये चित्रावर उजवे क्लिक करून Change Picture वापरता येते. चित्राचे आकारमान तेच असेल तर नवे चित्र जुन्याच्या जागी बसते, पण कातरणे आणि परिणाम टिकले का हे नंतर पाहून घ्यावे लागते. आणि हा मार्ग घेतला तरी मूळ चित्र media मधूनच काढावे. एसव्हीजी चित्रांच्या बाबतीत मात्र Change Picture च योग्य ठरते. अशा चित्राबरोबर फाइलीत एक पीएनजी प्रतही ठेवलेली असते. दोहोंपैकी एकच बदलली तर एका संगणकावर नवे आणि दुसऱ्यावर जुने नाव दिसू शकते.

शेवटचा धोका जतन करण्यात आहे. पॉवरपॉइंट फाइल जतन करताना चित्रे आपणहून आकसवू शकते. File, Options, Advanced या क्रमाने गेल्यावर Image Size and Quality खाली ही मर्यादा दिसते आणि पुष्कळ ठिकाणी ती इंचामागे २२० पिक्सेल असते. जलचक्राची आकृती २०० वर असल्याने ती वाचते. पण तेवढ्याच जागेत ३२०० पिक्सेलचे चित्र घातले तर ते इंचामागे ४०० होते आणि जतन करताना निम्म्याच्या जवळपास येऊ शकते. तिथेच Do not compress images in file ही चौकट आहे. ती खूण फाइल जतन करण्याआधी करावी. ही निवड त्या फाइलीपुरती असते, म्हणून प्रत्येक फाइलीत पाहावी.

बदलायची राहून जाणारी आणखी एक गोष्ट म्हणजे चित्राचे वर्णन. चित्रावर उजवे क्लिक करून Alt Text उघडले की दृष्टिहीनांसाठी वाचून दाखवला जाणारा मजकूर दिसतो. त्यात ‘बाश्पीभवन’ राहिले असेल तर पडद्यावर बरोबर आणि कानाला चूक अशी स्थिती होते. हे वर्णन चित्रात नसते, स्लाइडच्या फाइलीत असते, त्यामुळे चित्र बदलल्याने ते बदलत नाही.

हे सगळे झाल्यावर फाइल पॉवरपॉइंटमध्ये उघडावी, जतन करून बंद करावी आणि तिची प्रत पुन्हा झिप म्हणून उघडून media मधील चित्राची पिक्सेलसंख्या पाहावी. चित्राचा क्रमांक बदललेला असू शकतो, म्हणून नावाने न शोधता चित्र पाहून शोधावे. तिथे 1600 x 900 दिसले तरच ती पीपीटी वर्गात न्यावी.